‘Mi khaki she’ म्हणजे काय? पहिल्याच मेसेजमध्ये ऑटोकरेक्टने बदललेला शब्द कसा ओळखायचा

अनोळखी नंबरावरून मेसेज आला: `Mi khaki she`. तीनच शब्द. आधीचं संभाषण नाही, नाव नाही, फोटो नाही. खाकी म्हणजे कुणी कापडवाला असेल, नाहीतर चुकून आला असेल, असं म्हणून मी फोन पालथा ठेवला. वीस मिनिटांनी त्याच नंबरावरून फोन वाजला. माझं सामान घेऊन आलेला माणूस इमारतीखाली ताटकळत उभा होता, आणि त्याने मला अगदी साधं वाक्य लिहिलं होतं: `Mi khali ahe`. मी खाली आहे.

गंमत अशी, की त्याने टाइप करताना एकही चूक केली नव्हती. कीबोर्ड इंग्रजीवर होता. `khali` हा शब्द त्या कीबोर्डच्या कोशात नव्हता, `khaki` होता, आणि `l` च्या शेजारीच `k` आहे. `ahe` नव्हता, `she` होता, आणि `a` च्या शेजारी `s` आहे. दोन्ही ठिकाणी कीबोर्डला वाटलं की बोट जरासं घसरलं असणार, आणि त्याने दुरुस्ती केली.

ओळखीच्या माणसाकडून असा मेसेज आला असता तर मी क्षणात समजलो असतो. पहिला आणि तोकडा मेसेज दोन्ही बाजूंनी अडचणीचा असतो. फोनचा कीबोर्ड साधारण दोन गोष्टींवरून शब्द ठरवतो: बोट कोणत्या चावीच्या किती जवळ पडलं, आणि आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येणं स्वाभाविक आहे. पहिल्या शब्दाच्या वेळी आधीचे शब्दच नसतात, त्यामुळे कोशात जो जवळचा आणि जास्त वापरातला असेल तो बाजी मारतो. वाचणाऱ्याचीही तीच गत. मागचा संदर्भ नाही, म्हणून समोर दिसतं तेच खरं मानावं लागतं.

आधी बघा, हे ऑटोकरेक्टचंच काम आहे का

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे विचित्र जागी बसलेला, पण स्पेलिंगमध्ये निर्दोष असलेला शब्द. बोट घसरून झालेली चूक `khsli` अशी दिसते. तो कोणत्याच भाषेतला शब्द नसतो, आणि त्यामुळेच मूळ शब्द डोळ्याला लगेच कळतो. ऑटोकरेक्टची चूक मात्र इस्त्री केलेली असते. शब्द खरा, स्पेलिंग बरोबर, अर्थाचा पत्ता नाही. कोशात नसलेल्या शब्दाला कोशातल्या जवळच्या शब्दात ढकलायचं हा या यंत्रणेचा जुना स्वभाव आहे. काही जुन्या स्पेलचेकरांच्या कोशात इंग्रजी ‘कोऑपरेशन’ फक्त मधल्या जोडरेघेसह होता. विनारेघ लिहिला की ते ‘क्युपर्टिनो’ हे कॅलिफोर्नियातल्या एका शहराचं नाव सुचवायचे. आंतरराष्ट्रीय संघटनांच्या अधिकृत कागदपत्रांतही हे शहर असं घुसलं, आणि या प्रकाराला ‘क्युपर्टिनो इफेक्ट’ असंच नाव पडलं. रोमनमध्ये लिहिलेली मराठी म्हणजे इंग्रजी कीबोर्डच्या दृष्टीने असे कोशाबाहेरचे शब्दच शब्द.

दुसरी खूण वाक्याच्या सांगाड्यात असते. ऑटोकरेक्ट वाक्य मोडत नाही, एखाददुसरा शब्द बदलतं. `ka`, `mi`, `tar` असे बारके शब्द बऱ्याचदा जागच्या जागी राहतात, प्रश्नचिन्हही राहतं. शिवाय जवळपास कोणताच इंग्रजी शब्द सापडला नाही तर कीबोर्ड तो शब्द तसाच सोडून देतो. म्हणून एका टोकाला अस्सल मराठी आणि मध्येच एक परका शब्द असं दृश्य दिसतं. याउलट पूर्ण मेसेज अर्थपूर्ण आहे, फक्त तुमच्याशी त्याचा संबंध नाही, अशी स्थिती असेल तर शब्द शोधत बसू नका. तो नंबर चुकलेला मेसेज असतो, किंवा तसं भासवून बोलणं सुरू करणारा कुणी.

तिसरी खूण बारीक आहे, पण मला फार उपयोगी पडली आहे: वाक्याच्या मधोमध आलेलं कॅपिटल अक्षर. `Tumhi Karen sanga` यातलं मोठं `K` घाईत लिहिणारा माणूस मुद्दाम काढत नाही. ते कोशातल्या नावाबरोबर आलेलं असतं. इथे लिहिणाऱ्याला `karan` म्हणायचं होतं, म्हणजे तुम्ही कारण सांगा. पहिल्या शब्दाच्या कॅपिटलला मात्र काही किंमत देऊ नका, ते फोन आपणहून करतो.

मग बघा, कसं लिहिलं असेल

इथे बरेच जण चुकतात. सरळ अंदाज बांधायला बसतात, पण शब्द कोणत्या वाटेने बिघडला हे आधी ठरवलं नाही तर उलट्या वाटेने जायचं कसं? रोमन अक्षरांत मराठी असेल तर चाव्यांचं शेजार बघायचं. देवनागरीत असेल तर बहुधा रोमनमध्ये टाइप करून फोनने देवनागरी केलेली असते, आणि तिथे चाव्यांपेक्षा अक्षरांची संदिग्धता महत्त्वाची ठरते. बोट सरकवून लिहिलेलं असेल किंवा बोलून लिहिलेलं असेल, तर आणखी वेगळं.

रोमन मराठी: चाव्यांवरून मागे जाणं

समजा, तुम्ही दुरुस्तीची कामं करता आणि नव्या नंबरावरून मेसेज येतो: `Ask boil ka`. विचारा, उकळा, का. कीबोर्ड समोर ठेवा:

```
q w e r t y u i o p
 a s d f g h j k l
  z x c v b n m
```

किती मागे जायचं याचा एक आधार आहे. संगणकावर स्पेलिंगच्या चुका शोधण्याचा अभ्यास करणारे फ्रेड डॅमेरो यांनी १९६४ साली दाखवलं होतं, की चुकलेल्या शब्दांपैकी ८० टक्क्यांहून अधिक शब्दांत एकच चूक असते: एक अक्षर बदललेलं, एक गळालेलं, एक जास्तीचं, किंवा शेजारची दोन अक्षरं उलटसुलट झालेली. दुरुस्ती करणारी साधनंही मुख्यतः अशाच छोट्या उड्या मारतात. म्हणून आधी एका अक्षराचा फरक करून बघा, मग दोन. तीन अक्षरं बदलावी लागत असतील तर तुम्ही उत्तर शोधत नाही, रचत आहात.

सोपा शब्द आधी घ्या. `boil` मध्ये `b` च्या आसपास `v`, `g`, `h`, `n` आहेत. `voil`, `goil`, `noil` यांतून काही निघत नाही, `hoil` मात्र चटकन दिसतो. होईल. शेवटी `ka` आहेच, म्हणजे ‘होईल का’ हा सांगाडा पक्का झाला.

आता `Ask`. एक अक्षर बदलून बघितलं तर या वाक्यात बसणारं मराठी काही मिळत नाही. दोन बदलू. `s` च्या जवळ `a`, `d`, `w`, `e`, `z`, `x` आहेत. `k` च्या जवळ `j`, `l`, `i`, `o`, `m`. मधल्या जागी `a` ठेवला तर दोन मराठी शब्द समोर येतात: `aaj` आणि `aai`. चाव्यांच्या हिशोबाने दोन्ही सारखेच जवळ आहेत. इथे वाक्याला विचारायचं. ‘आई होईल का’ हे दुरुस्तीवाल्याला कुणी विचारणार नाही. ‘आज होईल का’ हे रोज चार जण विचारतात. उत्तर मिळालं.

क्रम लक्षात आला असेल. ज्या शब्दाचा एकच पर्याय निघतो तो आधी पक्का करायचा आणि त्याच्या आधाराने अवघड शब्द सोडवायचा. पहिल्या शब्दापासून ओळीने सुरुवात केली तर `Ask` वरच अडकायला होतं.

पण चाव्यांवरून जेवढं कळतं त्याहून जास्त काढू नये. `Udya yeti` असा मेसेज आला. `i` च्या शेजारी `o` आहे, म्हणून `yeto`. आणि येतो म्हणजे पाठवणारा पुरुष, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण `yete` आणि `yeti` यांतही एकाच अक्षराचं अंतर आहे. कीबोर्ड फक्त शेजारच्याच चाव्या बघत नाही, एकमेकांच्या जागी येणारे स्वरही मोजतो. वरच्या `karan` चं `Karen` झालं ते तसंच, `a` आणि `e` काही शेजारी नाहीत. तेव्हा उद्या कुणीतरी येणार आहे एवढंच खरं धरा आणि उत्तरात सरळ ‘या, किती वाजता येताय?’ असं विचारा.

देवनागरीतला मेसेज: रोमनमध्ये लिहून बघा

`कढी येऊ?` असा मेसेज आला तर कीबोर्डचा नकाशा काही कामाचा नाही, कारण कोणतीच चावी चुकलेली नाही. लिहिणाऱ्याने `kadhi` असंच टाइप केलं आणि फोनने कधीऐवजी कढी वाढली. रोमन अक्षरांना आपले काही भेद दाखवताच येत नाहीत. साध्या लिखाणात `a` म्हणजे अ आणि आ दोन्ही, `t` म्हणजे त आणि ट, `d` म्हणजे द आणि ड, `dh` म्हणजे ध आणि ढ, `n` म्हणजे न आणि ण, `l` म्हणजे ल आणि ळ. त्यामुळे वेळचं वेल होतं, बाळचं बाल होतं, कारणचं करण होतं.

उलट जाण्याची युक्ती सोपी आहे. खटकणारा शब्द कागदावर किंवा मनात रोमनमध्ये लिहा, आपण घाईत लिहितो तसा. मग त्याच रोमन शब्दावरून आणखी कोणते मराठी शब्द वाचता येतात ते मोठ्याने म्हणा. बहुतेक वेळा दोन-तीनच निघतात आणि त्यातला एक वाक्यात टक्कन बसतो. ‘वेल नाही आज’ मोठ्याने वाचलंत तर डोळ्याला न दिसलेली चूक कानाला कळते.

सरकवून आणि बोलून लिहिलेलं

सरकवून लिहिताना कीबोर्ड बोटाचा मार्ग बघतो. वरच्या ओळीत `p` पासून `t` पर्यंत सरळ रेघ ओढली की वाटेत `o`, `i`, `u`, `y` सगळेच लागतात. म्हणजे `pot`, `pit`, `put` या तिन्हींची रेघ एकच! डॉक्टरांच्या फोनवर `Put dukhtay` असा मेसेज आला, तर ते बिचारं पोट असतं. कीबोर्डने इंग्रजीत जास्त वापरातला शब्द उचललेला असतो. अशा चुकांत सुरुवातीचं आणि शेवटचं अक्षर सहसा टिकतं, मधलं बदलतं. म्हणून दोन टोकं धरून मधे स्वर बदलत जायचं.

बोलून लिहिलेल्या मेसेजमध्ये चाव्यांचा संबंधच नसतो, फक्त उच्चाराचा. तिथे शब्द भलत्या जागी तुटतात किंवा जोडले जातात. `का मला येऊ का` हे वाचून डोकं खाजवण्यापेक्षा अंतर न ठेवता म्हणा: कामाला येऊ का. बाकी वाक्य सुबक, पण विरामचिन्हांचा मागमूस नाही, असं दिसलं तर ही शक्यता आधी तपासा.

शब्द सापडला, आता खात्री

खरी पंचाईत तेव्हा होते, जेव्हा बदललेला शब्दही वाक्यात चपखल बसतो. सुतारकाम करणाऱ्याला नव्या नंबरावरून मेसेज येतो: `दार काय आहे?` किराणावाल्याला हाच मेसेज आला तर तो लगेच ‘दर’ वाचेल, कारण त्याच्याकडे दार विचारायला कुणी येत नाही. सुताराकडे दोन्ही विचारतात. वाक्य जरा अडखळतंय खरं. दाराबद्दल विचारायचं असतं तर ‘दार आहे का’ किंवा ‘दार कसं आहे’ असं आलं असतं. ‘काय आहे’ हे दराशी जास्त जुळतं. पण एवढ्या पुराव्यावर दरपत्रक पाठवून दिलं आणि समोरच्याला दाराचं माप सांगायचं होतं, तर पहिल्याच उत्तरात दोघांचे सूर बिघडतात.

म्हणून उत्तर कसं द्यायचं याचे मी दोन प्रकार करतो. एकच पर्याय उरला असेल, आणि तो चुकला तरी नुकसान नसेल, तर दुरुस्त केलेलं वाक्य उत्तरातच घालतो: ‘आज नाही होणार, उद्या सकाळी चालेल का?’ अंदाज चुकला असेल तर समोरचा लगेच सांगतो. ‘काय?’ किंवा नुसतं प्रश्नचिन्ह पाठवू नका. त्याच्या डोक्यात त्याने लिहिलेलं वाक्य असतं, पडद्यावरचं नसतं. मग तो तोच शब्द पुन्हा टाइप करतो आणि कीबोर्ड तो पुन्हा बदलतो.

दोन पर्याय उरले असतील तर दोन्ही समोर ठेवतो: ‘दर विचारताय की दाराबद्दल?’ आणि पैसे, तारीख, पत्ता, औषध किंवा होकार-नकार यांतला शब्द संशयास्पद असेल, तर माझा अंदाज सांगतच नाही. आपण ‘पंधरा तारखेला ना?’ असं विचारलं की घाईतला माणूस न वाचता ‘हो’ म्हणून टाकतो. त्यापेक्षा ‘तारीख अंकात आणि वारासकट लिहा’ असं म्हणावं, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींना तपासतात. सोपा मार्ग म्हणजे फोन करणं. तोंडाने बोललेला शब्द कुणी दुरुस्त करत नाही.

अनोळखी माणसाच्या बाबतीत आणखी एक पथ्य पाळा. तुटक मेसेजचा अर्थ लावताना आपण रिकाम्या जागा स्वतःच्या माहितीने भरतो. ‘तुम्ही अमुक ठिकाणचे का, तमुक कामासाठी का’ असं विचारत गेलात तर समोरच्याला फक्त मान डोलवायची असते. मेसेजमध्ये लिंक असेल किंवा पैशांचा विषय असेल, तर अर्थ लावण्याची मेहनत तुम्ही घेऊच नका. नाव आणि काम त्यालाच लिहू द्या.

आणि जरा थांबून बघा. बरेच जण पाठवल्यावर स्वतःच चूक पाहतात आणि पाठोपाठ तारांकन लावून एकच शब्द पाठवतात: `*khali`. कोड्यात पडलेल्या मेसेजच्या खाली असा एकटा शब्द आला असेल, तर तो वरच्या वाक्यात घालून वाचायचा असतो. काहींना ही पद्धत माहीत नसते आणि त्यांना तो दुसराच गूढ मेसेज वाटतो.

पाठवणारे तुम्ही असाल तर

पहिला मेसेज पाठवण्याआधी पहिला शब्द पुन्हा वाचा, कारण तिथेच कीबोर्डकडे संदर्भ सगळ्यात कमी असतो. आयफोनवर आयओएस १७ पासून बदललेल्या शब्दाखाली थोडा वेळ रेघ दिसते. त्या शब्दावर टॅप केलं की तुम्ही टाइप केलेलं परत आणता येतं. जीबोर्डवर बदल झाल्या झाल्या बॅकस्पेस दाबला तरी मूळ शब्द परत येतो. `ahe`, `khali`, `aaj` असे नेहमीचे शब्द कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात एकदा टाकून ठेवले की त्यांना सहसा कुणी हात लावत नाही. नवीन फोन घेतल्यावर किंवा दुसऱ्याचा फोन हातात असताना हा प्रकार जास्त होतो तो यामुळेच. त्या कीबोर्डला तुमचे शब्द अजून ओळखीचे नसतात.

व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांच्या आत बदलता येतो. पण बदलल्याची नवी सूचना समोरच्याच्या फोनवर वाजत नाही. त्याने लॉक स्क्रीनवर `Mi khaki she` वाचून फोन पालथा ठेवला असेल, तर आतलं वाक्य तुम्ही कितीही नीट केलंत तरी त्याला कळणार नाही. तेव्हा पहिल्या मेसेजपुरतं तरी बदलण्याच्या भानगडीत न पडता योग्य वाक्य नव्याने पाठवा, आणि त्याबरोबर आपलं नावही लिहा.